जुने फोटो, चार टूल आणि ब्रिस्कचा आकडा : कामाच्या नोंदी

१४ जून

एका वाचनालयाच्या शताब्दी स्मरणिकेसाठी जुने फोटो साफ करून द्यायचे आहेत. माल तीन प्रकारचा आहे. जुने कृष्णधवल ब्रोमाइड प्रिंट, नंतरच्या काळातले रंग उडालेले पोस्टकार्ड साइझ प्रिंट, आणि मूळ प्रत हरवल्यामुळे जुन्या वार्षिक अहवालांतून उचलावे लागणारे ब्लॉक छपाईचे फोटो. सगळे ६०० डीपीआयला फ्लॅटबेडवर स्कॅन केले.

टूलचे चार पर्याय समोर आहेत. पहिला, ओपनसीव्हीतले क्लाहे, म्हणजे चित्राच्या भागाभागात कॉन्ट्रास्ट वाढवणे, आणि त्यावर हलके शार्पनिंग. दुसरा, एनएल-मीन्सने दाणा काढणे. तिसरा, रिअल-ईएसआरगॅन, म्हणजे चित्र मोठे आणि स्पष्ट करून देणारे शिकवलेले मॉडेल. चौथा, चेहऱ्यांसाठी जीएफपीगॅन हे चेहरे सुधारणारे तसेच मॉडेल आणि बाकीच्या चित्राला रिअल-ईएसआरगॅन. कार्यवाह काकांचे म्हणणे स्पष्ट आहे : "कमिटीत प्रत्येकाचा डोळा वेगळा. तू आकड्यात दाखव, म्हणजे वाद नको." मूळ स्वच्छ फोटो हाताशी नसल्यामुळे पीएसएनआर, एसएसआयएम या दर्जा मोजणाऱ्या आकड्यांचा उपयोग नाही, कारण त्यांना तुलनेसाठी मूळ लागते. म्हणून मूळ नसताना नुसत्या समोरच्या चित्रावरून दर्जाचा आकडा देणारा ब्रिस्क घेतला.

```python
# pip install opencv-contrib-python
import cv2
img = cv2.imread("foto_014.png")
s = cv2.quality.QualityBRISQUE_compute(
    img, "brisque_model_live.yml", "brisque_range_live.yml")
print(s[0])
```

दोन्ही `.yml` फाइली `opencv_contrib` च्या `modules/quality/samples` मध्ये मिळतात. `pip` बरोबर त्या येत नाहीत, वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात. आकडा जितका लहान तितका फोटो चांगला. हे आधीच ठरवून लिहून ठेवा, कारण कमिटीला "कमी म्हणजे चांगलं" हे पुनःपुन्हा सांगावे लागते.

हा आकडा येतो कुठून, तेवढे इथे लिहून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक अडचण त्यातूनच निघाली. २०१२ साली मित्तल, मूर्ती आणि बोविक यांनी ही पद्धत मांडली. ती प्रत्येक पिक्सेलमधून भोवतालची सरासरी वजा करते आणि उरलेल्याला भोवतालच्या चढउताराने भागते. खिडकी ७×७ ची. चांगल्या, न बिघडलेल्या फोटोत या भागाकारांचा आलेख साधारण घंटेच्या आकाराचा येतो. फोटो धूसर झाला की घंटा मध्ये टोकदार होते, गोंगाट वाढला की आकार आणखी वेगळा होतो. पद्धत या आलेखाचा आकार, आणि शेजारच्या पिक्सेलांच्या गुणाकारांच्या आलेखांचे आकार, मिळून ३६ संख्यांत पकडते. १८ मूळ आकाराच्या चित्रातून आणि १८ निम्म्या आकाराच्या चित्रातून. मग लोकांनी दिलेल्या गुणांवर शिकवलेले एक मॉडेल त्या ३६ संख्यांवरून अंदाज बांधते. ते शिकले लाइव्ह नावाच्या संग्रहावर : २९ मूळ फोटो, आणि पाच प्रकारचे बिघाड. जेपीईजी, जेपीईजी २०००, पांढरा गोंगाट, धूसरपणा आणि वायरलेस प्रक्षेपणातली गळती.

या पाचांत पिवळेपणा नाही, ओरखडे नाहीत, बुरशी नाही, ब्लॉकचे ठिपके नाहीत आणि चुकीचा चेहराही नाही. माझ्याकडचा अर्धा माल याच भानगडींचा आहे.

१६ जून

पहिली फेरी. चारही टूलांतून ब्रोमाइडचे मोजके फोटो काढले, आकडे घेतले. निकाल असा की, डोळ्यांना सर्वांत गचाळ दिसणारी प्रत कधी पहिली, कधी शेवटची. आकड्यांना दोष देण्याआधी पाइपलाइन तपासली आणि तीन गोष्टी सापडल्या. तिन्ही इतक्या साध्या आहेत की नव्याने करणाऱ्याने यावर वेळ घालवू नये.

पहिली, चित्रांचे आकार वेगवेगळे होते. रिअल-ईएसआरगॅन चौपट मोठे करून देते, क्लाहे आहे त्याच आकाराचे. ब्रिस्क पिक्सेलच्या पातळीवर पाहतो. तोच फोटो नुसत्या बायक्युबिकने चौपट केला तरी शेजारचे पिक्सेल एकसारखे होतात आणि त्याला तो धूसर वाटतो. उलट कुठलाही फोटो लहान केला की दोष आत दाबले जातात आणि आकडा सुधारतो. म्हणजे आपण टूल मोजत नव्हतो, आकारमान मोजत होतो. आता सगळ्या प्रती मूळ स्कॅनच्या आकारावर एकाच पद्धतीने (`INTER_AREA`) आणतो आणि मगच मोजतो. यातही थोडी लबाडी उरतेच, कारण चौपट होऊन परत लहान झालेल्या चित्राचा दाणा त्या प्रवासात घासला जातो.

दुसरी, स्कॅनची कड. फोटो १५० × १०० मिमीचा आणि चारी बाजूंनी १० मिमी मोकळी काच, म्हणजे स्कॅन १७० × १२० मिमी. क्षेत्रफळ २०,४०० चौरस मिमी, त्यात फोटो १५,०००. उरलेला २६ टक्के भाग म्हणजे झाकणाचा पांढरा पृष्ठभाग. तो सपाट, त्यामुळे भागाकार शून्याजवळ, आणि आलेखाच्या मध्यावर कृत्रिम शिखर. एक टूल ती पांढरी पट्टी आणखी स्वच्छ करते, दुसरे तिच्यात दाणा पेरते, आणि आकडा त्यावरच हलतो. कड कापून मोजायचे.

तिसरी, एक टूल परस्पर जेपीईजी सेव्ह करत होते, बाकीची पीएनजी. जेपीईजीचे चौकोन ओळखण्यात ब्रिस्क तरबेज आहे, ते त्याचे मूळ शिक्षण. त्यामुळे त्या टूलला शिक्षा झाली ती सेव्ह करण्याच्या सेटिंगची. सगळीकडे पीएनजी केले.

यात अख्खा शनिवार गेला.

१७ जून

मित्राने त्याच्याकडे मॅटलॅबच्या `brisque` ने तेच फोटो तपासले. आकडे जुळले नाहीत, काही जोड्यांत क्रमही वेगळा. यात भूत नाही. ओपनसीव्हीचे मॉडेल त्यांनी स्वतः लाइव्हवर पुन्हा शिकवलेले आहे आणि निम्मा आकार करण्याची पद्धतही दोन्हीकडे वेगळी. म्हणून एकाच कामात एकच अंमलबजावणी धरायची, आणि दुसऱ्याने छापलेल्या आकड्याशी आपला ताडायचा नाही. मी या नोंदींत माझे आकडे देत नाही ते याच कारणाने. दिशा देतो, ती तुम्ही पडताळू शकाल.

२१ जून

आकार, कड, फॉरमॅट सगळे एकसारखे करूनही एनएल-मीन्स सातत्याने मागे पडत होते आणि रिअल-ईएसआरगॅन पुढे. एनएल-मीन्सची प्रत डोळ्यांना शांत, जुन्या फोटोसारखीच दिसते. मग ती मागे का?

कारण शोधायला एका ब्रोमाइडचा आलेख हाताने काढला.

```python
import numpy as np
g = cv2.cvtColor(img, cv2.COLOR_BGR2GRAY).astype(np.float64)
mu = cv2.GaussianBlur(g, (7, 7), 7/6)
sd = np.sqrt(np.abs(cv2.GaussianBlur(g*g, (7, 7), 7/6) - mu*mu))
m = (g - mu) / (sd + 1)
```

`m` चा हिस्टोग्राम मूळ स्कॅनमध्ये रुंद आणि गोल येतो, कारण ब्रोमाइडचा दाणा सगळीकडे पसरलेला असतो. एनएल-मीन्सनंतर आकाश, भिंत, धोतरांचा पांढरा भाग हे सगळे गुळगुळीत होते आणि हिस्टोग्रामला मध्ये सुळका येतो. मॉडेलच्या लेखी सुळका म्हणजे धूसरपणा. दाणा गेला हे चांगले झाले की तपशील गेला हे वाईट झाले, यातला फरक त्याच्याकडे नाही. त्याला फक्त आकार दिसतो.

मग उलटा प्रयोग केला. जो कोणी हा आकडा वापरणार असेल त्याने हा एकदा करून पाहावाच.

```python
b = cv2.GaussianBlur(g, (0, 0), 2)
n = b + np.random.normal(0, 5, b.shape)
b8 = np.clip(b, 0, 255).astype(np.uint8)
n8 = np.clip(n, 0, 255).astype(np.uint8)
```

`b8` म्हणजे मुद्दाम धूसर केलेला फोटो, `n8` म्हणजे त्याच धूसर फोटोवर टाकलेला बारीक गोंगाट. तपशील परत आणायचा इथे प्रश्नच नाही, नुसती वाळू उधळली आहे. तरी `n8` चा आकडा `b8` पेक्षा ठळकपणे सुधारला. धूसरपणाने आलेला सुळका गोंगाटाने भरून निघाला आणि घंटा पुन्हा घंटेसारखी झाली.

गोंगाट ५ ऐवजी २, ३, ८, १५ करत गेलो. आकडा आधी उतरतो, एका ठिकाणी तळ गाठतो आणि मग चढतो. शार्पनिंग वाढवत नेले तरी वळण तसेच, आणि तळ येतो तेव्हा टोपीच्या कडेला पांढरी रेघ स्पष्ट दिसायला लागलेली असते. म्हणजे आकडा किमान करत बसलो तर गरजेपेक्षा जास्त शार्पनिंगवर जाऊन थांबू.

रिअल-ईएसआरगॅनचे पुढे असणे आता कळले. अशी मॉडेले शिकताना त्यांच्या समोर एक परीक्षक-जाळे असते, जे "हे खऱ्या फोटोसारखे दिसते का" एवढेच विचारते. त्यामुळे जिथे माहिती नाही तिथे ती पोत भरतात. भिंतीला भिंतीसारखा, कापडाला कापडासारखा. ब्रिस्कचा प्रश्नही थोडाफार तोच आहे. पेपर काढणारा आणि क्लास घेणारा एकाच पुस्तकातून शिकवत असतील तर त्या क्लासच्या मुलांना गुण मिळणारच.

निक्यूई हा याच घरातला दुसरा आकडा. २०१३ साली आला, माणसांचे गुण न वापरता १२५ स्वच्छ फोटोंच्या आकडेवारीपासून किती दूर एवढेच सांगतो. तोही चालवला. पण त्याच्याही मुळाशी तोच भागाकार आहे. दोघांचे एकमत झाले म्हणून दोन साक्षीदार मिळाले असे धरू नका.

२४ जून

रंगीत प्रिंटची फेरी. इथे काम मुख्यतः रंगाचे आहे. जुने प्रिंट लालसर पडलेत, साड्यांचे हिरवे आणि निळे मेलेत. रंगाचा तोल हाताने सावरला, लोकांना फरक लांबून कळतो. ब्रिस्कचा आकडा मात्र जागचा हलला नाही म्हणायला हरकत नाही. तो चित्र आधी राखाडी करतो. रंग त्याला दिसतच नाही.

उडालेला कॉन्ट्रास्टही त्याला फारसा दिसत नाही, आणि हे कागदावर करून बघता येते. समजा एका ठिकाणी पिक्सेल सरासरीपेक्षा १० ने वर आहे आणि भोवतालचा चढउतार २० आहे. भागाकार १०/(२०+१), म्हणजे ०.४८. आता फोटो फिका पडून कॉन्ट्रास्ट निम्मा झाला : ५/(१०+१), म्हणजे ०.४५. डोळ्याला फोटो मेल्यासारखा दिसतो, भागाकार तसाच आहे. स्थानिक चढउताराने भागण्याचा हेतूच तो आहे.

उलट सपाट भागात बघा. स्टुडिओचा मागचा पडदा, चढउतार फक्त ०.८, पिक्सेल ०.८ ने वर. ०.८/१.८ म्हणजे ०.४४. क्लाहेने तिथला कॉन्ट्रास्ट तिप्पट केला : २.४/३.४, म्हणजे ०.७१. म्हणजे चेहरा उजळल्याचे श्रेय क्लाहेला मिळत नाही आणि पडद्यावरचा दाणा फुगवल्याची नोंद मात्र होते. ती नोंद आकडा सुधारते की बिघडवते हे फोटोगणिक बदलते : पडदा आधी अगदी सपाट असेल तर दाण्याने आकडा सुधारतो, आधीच खरखरीत असेल तर बिघडतो. क्लाहेला ज्या कामासाठी आणले त्याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. रंगीत प्रिंटसाठी त्याचा स्तंभ तक्त्यातून काढून टाकला.

२८ जून

आजची नोंद लांब आहे, कारण काम इथेच फिरले.

वाचनालयाच्या अंगणातला एक समूह-फोटो. तीन रांगा, ३६ माणसे. स्कॅन साधारण ३५०० × २३६० पिक्सेल. चौथ्या टूलने, म्हणजे जीएफपीगॅनसह, काढलेली प्रत आकड्यात पहिल्या नंबरवर आली. पडद्यावर बघितली तर काय चकाचक! डोळ्यांत चमक, मिशांचा केस न् केस सुटा.

ग्रंथपाल ताईंना दाखवली. त्यांनी मधल्या रांगेवर बोट ठेवले.

"हे कोण?"

"ताई, तुम्हीच सांगा. तुमच्याकडचा फोटो आहे."

"इथे माझे आजोबा असायला हवेत. उजवीकडून चौथे. हे नाहीत ते. आजोबांचा डावा डोळा बारीक होता, लहानपणी लागलं होतं. ह्याला दोन्ही डोळे सारखे काढलेत."

मूळ स्कॅन शंभर टक्क्यांवर उघडला. त्या जागी चेहरा ७० × ९० पिक्सेलचा, दाण्याने भरलेला, डावी पापणी खाली ओघळलेली. सुधारलेल्या प्रतीत दोन नीटस, जुळे डोळे. मग बाकीचे चेहरे एकेक करून मोठे करून बघितले. आणखी काही ठिकाणी तेच. एकाचा चष्मा अर्धा त्वचेत विरघळलेला, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गालावरच्या सुरकुत्या गेल्यामुळे ते वीस वर्षांनी लहान.

हे आकड्यात का आले नाही? हिशेब सोपा आहे. एक चेहरा ७० × ९०, म्हणजे ६,३०० पिक्सेल. ३६ चेहरे म्हणजे २,२६,८००. अख्खा फोटो सुमारे ८२ लाख ६० हजार. सगळे चेहरे मिळून २.७ टक्के. ब्रिस्क अख्ख्या चित्राचा एकच हिस्टोग्राम काढतो. अंगणातली फरशी, मागची भिंत, कौले आणि धोतरे यांनीच तो भरलेला. छत्तीसच्या छत्तीस चेहरे उद्या दुसऱ्याच माणसांचे लावले तरी आकडा दशांशात हलेल.

फक्त चेहऱ्यांचे तुकडे कापून मोजून बघितले. तेही चालले नाही. ७० × ९० च्या तुकड्यात पिक्सेल इतके कमी की आलेखाचा आकार डळमळतो. कापण्याची चौकट चार पिक्सेल सरकवली तर आकडा बदलतो. आणि तो स्थिर आला असता तरी उपयोग नव्हता. नव्याने काढलेला डोळा पोत म्हणून उत्तम आहे. तो त्या माणसाचा नाही, आणि हा प्रश्न ज्या पद्धतीकडे मूळ फोटोच नाही तिला विचारताच येत नाही.

जीएफपीगॅन स्मरणिकेतून बाद. ज्या फोटोंखाली नावे छापायची आहेत तिथे चेहरा नव्याने काढणारे काहीही वापरायचे नाही, हे कार्यवाह काकांनी स्वतः कमिटीत सांगितले.

३ जुलै

ब्लॉकचे फोटो. जुन्या अहवालांत छायाचित्र म्हणजे जस्ताच्या ब्लॉकवरून छापलेल्या लहानमोठ्या ठिपक्यांची जाळी. आमच्या अहवालात इंचाला ८५ ओळींच्या आसपासची जाळी आहे. ६०० डीपीआयला स्कॅन केले की एका ठिपक्याच्या वाट्याला ६०० भागिले ८५, म्हणजे सुमारे सात पिक्सेल येतात. ब्रिस्कची खिडकीही सात पिक्सेलची! म्हणजे खिडकीत मावतो तो एक ठिपका आणि त्याभोवतीचा कागद. फोटोत कोण बसलंय, प्रकाश कुठून येतोय, याचा पत्ताच नाही. `m` चा हिस्टोग्राम काढला तर घंटा जाऊन दोन कुबडे दिसली, एक शाईचे आणि एक कागदाचे.

इथे आकडे बघण्यात अर्थ नाही हे पटायला अजून एक कारण मिळाले. या मॉडेलचा गाभा शिकलेल्या उदाहरणांशी असलेल्या जवळिकीवर चालतो. नवे चित्र त्या उदाहरणांपासून जितके दूर, तितका प्रत्येक उदाहरणाचा प्रभाव शून्याकडे जातो आणि उत्तर एका ठरावीक स्थिरांकाकडे ओढले जाते. त्यामुळे पूर्ण अनोळखी चित्राला तो "मला माहीत नाही" म्हणत नाही, मधलाच एखादा बरा दिसणारा आकडा देतो. ओळख पटवायची खूण अशी : दिसायला अगदी वेगळ्या प्रती, आणि आकडे मात्र एकमेकांना चिकटलेले. ब्लॉकच्या फोटोंत मला हेच दिसले.

कामाचे काय केले ते लिहितो. आधी जाळी घालवायची, मग बाकी सगळे. फूरिये रूपांतरात जाळीचे ठळक ठिपके दिसतात, ते तेवढेच झाकून उलट रूपांतर केले. जाळी तिरकी छापलेली असल्याने ठिपके आडव्या-उभ्या रेषेवर न पडता तिरके पडतात, ते हातानेच शोधले. त्यानंतर चित्र निम्मे लहान केले. प्रत मऊ येते, पण माणूस ओळखू येतो. जाळी न काढता थेट रिअल-ईएसआरगॅनला दिलेल्या प्रतीत त्याने ठिपक्यांनाच वस्तू समजून कोटावर विणकाम काढले होते. आकड्यात ती विणकामवाली प्रत माझ्या मऊ प्रतीच्या वर होती.

८ जुलै

कमिटीला आकडा हवाच आहे, तर निदान ज्याला आधार आहे असा द्यावा म्हणून मूळ फोटो असलेली एक चाचणी रचली.

वाचनालयाच्या आजच्या कार्यक्रमाचे चांगल्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो घेतले, माणसे ओळखीची. राखाडी केले, चौथाई आकाराचे केले, थोडे धूसर केले. मग ब्रोमाइडच्या मोकळ्या पार्श्वभूमीतून कापलेला खरा दाणा त्यावर चढवला. बनावट गोंगाटापेक्षा हे बरे, कारण ब्रोमाइडचा दाणा शेजारच्या पिक्सेलांत पसरलेला असतो, संगणकाचा सुटा पडतो. हे 'जुने केलेले' फोटो टूलांतून काढले आणि मूळाशी एसएसआयएमने ताडले. त्याच प्रतींचे ब्रिस्कही घेतले.

दोन क्रम जुळले नाहीत. एसएसआयएममध्ये एनएल-मीन्स आणि हलके शार्पनिंग वर, ब्रिस्कमध्ये रिअल-ईएसआरगॅन वर. हे आमचेच नशीब नव्हे. ब्लाऊ आणि मिकाएली यांनी २०१८ साली दाखवले होते की मूळाशी इमान आणि दिसायला खरे वाटणे या दोन गोष्टी एका मर्यादेनंतर एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. त्याच वर्षीच्या पर्म स्पर्धेत फोटो मोठे करणाऱ्या पद्धतींना निक्यूई आणि आणखी एक तसाच आकडा मिळून गुण दिले, पण मूळापासूनच्या चुकीवर कुंपण घालून. आरएमएसई ११.५, १२.५ आणि १६ अशा तीन मर्यादा, आणि स्पर्धा प्रत्येक कुंपणाच्या आत. मूळ नसताना दिलेला गुण एकटा सोडला तर काय होईल हे आयोजकांना ठाऊक होते.

एसएसआयएमलाही डोक्यावर घेतले नाही. तो गुळगुळीत प्रतींना झुकते माप देतो. शेवटी कमिटीतल्या लोकांना जोड्या दाखवल्या : मध्ये मूळ स्कॅन, दोन बाजूंना दोन प्रती, टूलचे नाव झाकलेले, डावे-उजवे प्रत्येक वेळी उलटसुलट. प्रश्न दोनच. छापायला कुठली? आणि यातला माणूस तोच आहे का? दुसऱ्या प्रश्नाला एकानेही "नाही" म्हटले तर ती प्रत बाद. एका संध्याकाळी चहाबरोबर उरकले. एवढेच पहिल्या आठवड्यात केले असते तर बराच वेळ वाचला असता.

१२ जुलै

ठरले ते असे. ब्रोमाइडला हलके एनएल-मीन्स (`h=4`, जास्त नाही) आणि त्यावर किंचित शार्पनिंग. रंगीत प्रिंटला रंगाचा तोल आणि पातळ क्लाहे. इमारत, कपाटे, फलक अशा माणसे नसलेल्या फोटोंना रिअल-ईएसआरगॅन चालेल, पण फलकावरची अक्षरे मूळाशी ताडूनच. पाटीवरच्या 'वाचनालय' मधल्या 'च' चा त्याने एकदा 'व' केला होता.

ब्रिस्क फेकून दिला नाही. तो स्कॅनिंगच्या टेबलावर कामाला लावला आहे, जिथे प्रश्न त्याच्या आवाक्यातला आहे. एकाच स्कॅनरवर, एकाच सेटिंगने, एकाच प्रकारचे प्रिंट येतात. वाकलेला प्रिंट काचेपासून उचलला गेला तर तो भाग धूसर येतो, विशेषतः पातळ सीआयएस स्कॅनरवर, ज्यांचा फोकस काचेपासून वर फार टिकत नाही. अशा गठ्ठ्यातून आकड्याने सर्वांत वाईट निघालेले स्कॅन वर काढायचे आणि डोळ्याने बघायचे. आजच्या गठ्ठ्यात वर आलेल्यांत बहुतेक खरोखरच वाकलेले निघाले, आणि एक असा की ज्याला कोणीतरी मोबाइलवरून पाठवताना जेपीईजी केले होते. दोन्ही त्याला शिकवलेलेच दोष. एक धुक्यातला सहलीचा फोटोही यादीत वर आला, तो मात्र मुळातच तसा आहे. तो तसाच ठेवला.

गठ्ठ्यांची तुलना आपसात करायची नाही, ब्रोमाइडचे ब्रोमाइडशी, रंगीतचे रंगीतशी. ब्लॉकच्या फोटोंना स्क्रिप्ट आकडाच काढत नाही, त्यांच्या फोल्डरचे नाव गाळणीत टाकले आहे.

वाकलेले प्रिंट पुन्हा स्कॅन करताना वर जाड काच ठेवतोय. ताईंच्या आजोबांच्या रांगेचा भाग १२०० डीपीआयला वेगळा घेतला, पण प्रिंटमध्येच त्याहून जास्त तपशील नाही, फाइल मात्र चौपट झाली. समूह-फोटो एनएल-मीन्सवाल्या प्रतीतूनच छापायला जाईल. ब्लॉकचे फोटो अजून बाकी आहेत, आणि छापखान्याने महिनाअखेरची तारीख दिली आहे.